बाईंचा आकडा

आमच्या बाईंना नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. डॉक्टर त्यांना बाई म्हणायचे, सिस्टर बाई म्हणायच्या, झाडूवाला बाई म्हणायचा, आणि त्यांच्या घरूनही एकदा फोन आला तेव्हा पलीकडचा आवाज म्हणाला, "बाई आहेत का?" ते त्यांचे यजमान होते हे मला नंतर कळलं. सीटी स्कॅनच्या खोलीत त्यांची एकतीस वर्षं गेली होती. तेवढ्या काळात चार मशिनं आली आणि तीन भंगारात गेली. बाई मात्र त्याच, बुटक्या, ठसठशीत, पायात सपाट चपला आणि चालण्यात अशी घाई की जणू मागून कुणी हाकतंय.

मी त्यांच्या हाताखाली शिकाऊ तंत्रज्ञ म्हणून लागले तेव्हा माझं स्वतःबद्दलचं मत फारच चांगलं होतं. परीक्षेत पहिली आले होते, आणि त्याचा वास माझ्या बोलण्याला येत असणार. बाईंनी पहिल्याच दिवशी मला कन्सोलसमोर बसवलं, पडद्यावर कुणाच्या तरी छातीचा काप, म्हणजे आडवा छेद, आणला आणि म्हणाल्या, "काय दिसतंय सांग."

मी बघितलं. मधे हृदय, मागे मणका, आणि दोन्ही बाजूंना काळाकुट्ट अंधार. मी खूप वेळ बघितलं. मग धीर करून म्हणाले, "बाई, याला फुफ्फुसं दिसत नाहीत."

"असं? मग हा श्वास कशानं घेतोय? कानानं?"

मागे सिस्टर फिदीफिदी हसल्या. बाईंनी हात लांब करून एक बटण दाबलं. त्याबरोबर तो अंधार उजळला आणि त्यात शिरांच्या बारीक बारीक फांद्या पसरलेल्या दिसल्या, टोकापर्यंत. हृदय आणि मणका मात्र पांढऱ्या ठोकळ्यासारखे झाले, त्यांच्यातलं काही म्हणता काही उमगेना. फोटो तोच होता. माणूस पुन्हा मशीनमध्ये गेला नव्हता, किरण पुन्हा सोडले नव्हते. माझा चेहरा बघून बाईंना मनापासून आनंद झाला. दुसऱ्याची फजिती त्यांना आवडायची, हे मी लपवत नाही. पण फजिती करून त्या माणसाला तिथंच सोडून जात नसत, हेही सांगायला पाहिजे.

"हे बघ," त्या खुर्ची ओढून बसल्या. "मशीन फोटो काढत नाही. मशीन मोजतं. अंगातल्या प्रत्येक बारीकशा ठिपक्यानं किती किरण अडवले ते मोजतं आणि तिथं एक आकडा लिहून ठेवतं. पाण्याला शून्य. हवेला उणे हजार. बाकी सगळ्यांना या दोघांच्या मानानं. चरबी पाण्यापेक्षा कमी अडवते, म्हणून ती उणे शंभरच्या आसपास. यकृत पन्नास-साठ. ताजं साकळलेलं रक्त त्याहून थोडं वर. हाड तीनशेपासून हजाराच्याही पुढं. याला हाउन्सफिल्ड युनिट म्हणतात, हे तू पाठ केलं असशील."

"केलंय," मी म्हणाले.

"पाठ केलंयस, म्हणूनच कळलं नाही. आता मला सांग, उणे हजारपासून अधिक हजारच्याही वरपर्यंतचे आकडे. तुझ्या डोळ्याला करड्या रंगाच्या किती छटा ओळखता येतात? शंभरही नाही. मग सगळे आकडे एकदम दाखवले तर पन्नासचं यकृत आणि सत्तरचं रक्त यात तुला काय डोंबल फरक दिसणार?"

मी पडद्याकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"तापाचा थर्मामीटर बघितलायस? पस्तीसपासून बेचाळीसपर्यंत. बर्फ किती गार ते त्याला विचारून उपयोग नाही, उकळत्या पाण्यात घातलंस तर फुटेल. पण अडतीस आणि साडेअडतीस यातला फरक तो बरोब्बर सांगतो, कारण सगळी काच त्या सातच अंशांवर खर्च केलीय. विंडो म्हणजे तेच. पट्टी किती लांब घ्यायची ती विड्थ, आणि पट्टीचा मध्य कुठं ठेवायचा ती लेव्हल. पट्टीच्या खाली पडलं ते सगळं काळं, वर गेलं ते सगळं पांढरं, आणि मधल्यांना करड्या छटा वाटून द्यायच्या."

मग त्यांनी माझ्याकडून तोंडी गणितं करून घेतली. पोटासाठी लेव्हल चाळीस, विड्थ चारशे. म्हणजे मध्यापासून दोनशे खाली, दोनशे वर. उणे एकशेसाठच्या खालचं काळं, दोनशेचाळीसच्या वरचं पांढरं. म्हणून त्या विंडोत हवेनं भरलेली फुफ्फुसं काळी ठार दिसतात, आणि माझ्यासारख्या हुशार मुलीला वाटतं की माणसाला ती दिलेलीच नाहीत. फुफ्फुसासाठी लेव्हल खाली उणे सहाशेला न्यायची, विड्थ चांगली दीड हजार ठेवायची. मेंदूत फरक अगदी थोडे, म्हणून तिथं विड्थ ऐंशीच. हाडाला दोन हजार.

"अरुंद विंडोत फरक उठून दिसतो," बाई म्हणाल्या, "पण खरखरही उठून दिसते, आणि नसलेली भानगडही दिसायला लागते. रुंद विंडोत सगळं दिसतं, पण सगळं सारखंच मिळमिळीत."

एवढं झाल्यावर त्यांनी मला यकृताच्या मधोमध माऊसनं एक छोटासा गोल काढायला लावला. गोलाच्या आतल्या ठिपक्यांची सरासरी शेजारी उमटली. पंचावन्न. बाईंनी विंडो फिरवली, यकृत काळं पडलं. "वाच." पंचावन्न. पुन्हा फिरवली, यकृत दुधासारखं पांढरं झालं. "वाच." पंचावन्न. त्यांनी सहा वेळा फिरवली आणि मला सहा वेळा वाचायला लावलं, शेवटी मी रडकुंडीला येऊन म्हणाले, "कळलं बाई, आकडा बदलत नाही."

"दिसणं आपल्या हातात आहे. असणं आपल्या हातात नाही. रंगावरून मत बनवायचं नाही, आकडा घ्यायचा," असं म्हणून त्या चहाला गेल्या.

सकाळी सगळ्यात आधी पाणी व्हायचं. पाणी म्हणजे पाण्यानं भरलेला एक बंद गोल डबा. रोज पहिल्या रुग्णाच्या आधी तो टेबलावर ठेवून त्याचा सीटी काढायचा आणि गोल टाकून बघायचं की मशीन पाण्याला अजून शून्य म्हणतंय ना. दोन-चार इकडे-तिकडे चालायचे. त्याहून जास्त हललं तर बाई मशीनला हात लावू देत नसत, मग बाहेर कुणी कितीही मोठा माणूस खोळंबलेला असो. एकदा आकडा नऊ आला तेव्हा त्यांनी दोन तास काम बंद ठेवलं होतं आणि दुरुस्तीच्या माणसाची फोनवरून अशी हजेरी घेतली होती की तो बिचारा जेवणाचा डबा अर्धा टाकून आला.

त्यांची काम करायची एक रीत मात्र मला खटकायची. रुग्णाला टेबलावर झोपवताना त्या अगदी मायेनं झोपवत, उशी सरळ करत, पाय गार पडले असतील तर पांघरूण देत. पण तपासणी झाली की एक अक्षर बोलत नसत. "काय निघालं हो?" असं माणसं केविलवाणं विचारायची, आणि बाई म्हणायच्या, "रिपोर्ट डॉक्टर देतील." बरोबरच होतं ते, आमचा नियमच तसा आहे. पण त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे कुलूप लागायचं ते मला आवडायचं नाही. मी एकदा तसं बोलले. बाई म्हणाल्या, "चेहरा वाचतात गं माणसं. आपला चेहरा म्हणजे रिपोर्ट नव्हे." त्याचा राग मला दिवसभर राहिला.

मी लागले त्याला चार महिने होत होते तेव्हा बाईंच्या डाव्या कुशीत दुखायला लागलं. त्यांनी ते आठवडाभर कुणाला सांगितलं नाही. पण मशीनच्या टेबलाला धरून वाकलेलं मी त्यांना दोनदा पाहिलं, आणि मी सांगून टाकलं. पोटात ठेवायची माझी सवय नाही. डॉक्टरांनी, म्हणजे आमच्या रिपोर्ट देणाऱ्या डॉक्टरांनी, बाईंना दम भरून मोठ्या दवाखान्यातल्या पोटाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. बाई दोन दिवसांत चिठ्ठी घेऊन परतल्या: पोटाचा सीटी, आधी प्लेन, म्हणजे साधा, मग शिरेतून औषध सोडून.

दुसरा तंत्रज्ञ रजेवर होता, म्हणून कन्सोलवर डॉक्टर स्वतः बसले आणि मी त्यांच्या शेजारी. आत बाई टेबलावर, अंगात तो मागून बांधायचा ढगळ झगा, चष्मा कपाटात, हाताला सुई. आयुष्यात पहिल्यांदा काचेच्या त्या बाजूला. पण सूचना सुरूच.

"पोरी, टेबल दोन सेंटिमीटर वर घे."

"घेतलं, बाई."

"आणि श्वास धरा म्हणताना ओरडू नकोस. बहिरी नाही मी."

डॉक्टर हसून म्हणाले, "बाई, आता तुम्ही रुग्ण आहात. रुग्णासारखं गप्प पडा."

आधी प्लेन काढलं. मग औषध सोडलं, सत्तर सेकंद थांबलो आणि कापांची दुसरी मालिका काढली. औषधात आयोडीन असतं, ते किरण पुष्कळ अडवतं. रक्ताबरोबर ते जिथं जिथं पोचतं तिथला आकडा चढतो. सगळं सुरळीत झालं. तेवढ्यात शेजारच्या सोनोग्राफीच्या खोलीतून निरोप आला, तिथं माणसं तासभर ताटकळत होती. डॉक्टर उठले. "मी तासाभरात येऊन नीट वाचतो," असं म्हणून गेले. मला म्हणाले, "बाईंना उठव, सुई राहू दे थोडा वेळ."

बाईंना उठवावं लागलंच नाही. मी दार उघडलं तर त्या झगा सावरत समोरच उभ्या. "दाखव," म्हणाल्या.

"बाई, डॉक्टर..."

"पोटच माझं आहे. दाखव."

नाही कसं म्हणणार? त्या माझ्या खुर्चीवर बसल्या, मी बाजूला उभी राहिले. माऊस त्यांच्या हातात आणि काप सरसर खाली सरकायला लागले. यकृत, जठर, प्लीहा. मग त्या थांबल्या. डाव्या मूत्रपिंडावर टोपीसारखी एक छोटीशी ग्रंथी असते, अॅड्रिनल. ती नेहमी बारीक रेघेसारखी दिसते. बाईंच्या तिथं द्राक्षाएवढी गाठ होती. गोल, सुबक, दोन सेंटिमीटरच्या आसपास.

त्यांनी ती जागा मोठी केली, इतकी मोठी की सगळ्या पडद्यावर फक्त गाठच राहिली. मग विंडो अरुंद केली, लेव्हल पन्नास, विड्थ शंभर. गाठ उजळून आली आणि तिच्यावर खरखरीचे ठिपके नाचायला लागले. त्या पडद्याजवळ नाक नेऊन बघत होत्या. चष्म्याशिवाय त्यांना कोपऱ्यातली बारीक अक्षरं दिसत नव्हती, हे मला माहीत होतं आणि तरी माझ्या लक्षात आलं नाही.

"हे प्लेन आहे ना?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले.

"गोल टाक. कडेला लावू नकोस, आतच ठेव."

मी गोल टाकला. आकडा आला, एकाहत्तर. मी तो मोठ्यानं वाचला.

आता इथं थांबून सांगायला हवं, की या गाठींच्या बाबतीत तो आकडा म्हणजे सर्व काही असतं. ही गाठ अगदी साधी, निरुपद्रवी असली तर बहुतेक वेळा तिच्या आत चरबी मुरलेली असते, त्यामुळे साध्या मालिकेत तिचा आकडा पाण्याच्या जवळ येतो, दहाच्या आत. दहाच्या वर गेला की शंका धरायची, पुढच्या तपासण्या करायच्या. आणि जितका वर, तितका जीव टांगणीला. हे बाईंनीच मला शिकवलं होतं, दोन महिन्यांपूर्वी, दुसऱ्याच्या पोटावर.

बाई मागे टेकल्या. मी कुलूप म्हणते ते त्यांच्या चेहऱ्यावर लागलं. "बरं," त्या म्हणाल्या. मग उठल्या, कपाटातून आपली पिशवी घेतली आणि दारापाशी थांबून सांगायला लागल्या, "उद्यापासून सकाळचं पाणी तू करायचं. वहीत आकडा लिहायला विसरायचं नाही. दुरुस्तीवाल्याचा नंबर खणात डाव्या हाताला आहे. त्याच्याशी गोड बोललीस तर तो येत नाही. कापसाचे गठ्ठे वरच्या फळीवर. आणि केस बांधत जा."

त्या बाहेर गेल्या. काचेच्या दारातून मला दिसत होतं, त्यांचे यजमान बाकावर बसले होते, मांडीवर बाईंचा टॉवेलएवढा रुमाल आणि पाण्याची बाटली घेऊन. निवृत्त शिक्षक, गणिताचे; एवढे उंच की बाई शेजारी बसल्या तर त्यांच्या खांद्याच्याही खाली. त्यांनी काही विचारलं. बाईंनी मान हलवली आणि बाटली घेतली. बस्स, तेवढंच. मग दोघं समोरच्या भिंतीकडे बघत बसले.

मला भयंकर रडू आलं. मी त्यांची रोज उणीदुणी काढत होते, त्यांच्या चपलांची नक्कल करून सिस्टरना हसवत होते, आणि आता मला वाटत होतं की ही बाई गेली तर या खोलीत मला कुणी ओरडणारच नाही. मी नाक पुसलं आणि पुन्हा त्या गाठीकडे बघायला बसले. का, ते मला माहीत नाही. बघवत नव्हतं म्हणून मी तो मोठा केलेला भाग लहान केला, सगळं पोट पडद्यावर आणलं.

आणि मणक्याच्या पुढची मोठी रोहिणी, म्हणजे हृदयातून खाली येणारी रक्तवाहिनी, पडद्यावर आली. पांढरीशुभ्र.

प्लेनमध्ये ती पांढरी असणं शक्य नाही. रक्ताचा आकडा चाळीसच्या घरात असतो, ती आजूबाजूच्या स्नायूंसारखीच करडी दिसायला हवी. मी कोपऱ्यातली अक्षरं वाचली. ही औषध सोडल्यानंतरची मालिका होती. यंत्र शेवटी काढलेली मालिका यादीत सगळ्यात वर ठेवतं, आणि मी वरची उघडून दिली होती, न वाचता, परीक्षेत पहिली आलेली मी. एकाहत्तर हा गाठीचा आकडा नव्हता, गाठीत शिरलेल्या औषधासकटचा होता. त्यावरून चांगलं-वाईट काहीच ठरत नाही.

म्हणजे अजून काहीच ठरलेलं नव्हतं! मी प्लेन उघडली. अगदी काळजीनं तोच काप शोधला. विंडो बाईंनी ठेवलेलीच होती, आणि तिच्यात ती गाठ आता यकृतापेक्षा कितीतरी काळी दिसत होती, जवळजवळ विझलेली. पण रंगावर विश्वास ठेवायचा नाही. मी गोल टाकला.

चार.

मी खुर्ची मागे ढकलली ती भिंतीवर आदळली. धावत दारापर्यंत गेले आणि तिथं एकदम थांबले. मघाशीसुद्धा मी अशीच खात्रीनं "हो" म्हणाले होते. आता जाऊन "चार" म्हणायचं आणि पुन्हा काही चुकलेलं असलं तर? डॉक्टर पलीकडे कामात. मी परत आले, कोपरा वाचला, मोठ्यानं वाचला, मग बाईंचा चष्मा कपाटातून काढला आणि बाहेर गेले.

"बाई," मी म्हणाले, "माझी चूक झाली. तुम्ही आत या आणि मला ओरडा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चष्मा घेतला. काही न विचारता उठल्या.

आत आल्यावर मी त्यांना दोन्ही मालिका शेजारी शेजारी लावून दाखवल्या. त्यांनी कोपरे वाचले, एकदा या बाजूचा, एकदा त्या बाजूचा. मला वाटलं आता माझी धडगत नाही. पण त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "रोहिणीत गोल टाक. प्लेनमध्ये."

"एक्केचाळीस."

"आता दुसरीत."

"एकशे अठ्ठावन्न."

"सकाळी पाणी किती होतं?"

"एक. वहीत लिहिलंय."

"आता गाठीत. जाड काप घे, बारकात खरखर फार. गोल गाठीच्या दोन तृतीयांश. कडेची चरबी आत आली तर आकडा उगाच खाली येईल, आणि फसवून घ्यायला मी काही बसलेली नाही."

मी टाकला. चार. एक काप वर, तीन. एक काप खाली, सहा. बाईंनी माऊस माझ्या हातातून घेतला आणि स्वतः टाकला. पाच. मग त्यांनी विंडो फिरवली, रुंद केली, अरुंद केली, वर नेली, खाली नेली, गाठ काळी झाली, पांढरी झाली, करडी झाली, आणि प्रत्येक वेळी त्या स्वतःशी पुटपुटत होत्या, पाच, पाच, पाच. मी सहा वेळा मोजलं. मग मोजायचं सोडून दिलं.

डॉक्टर आले तेव्हा आम्ही दोघी तशाच बसलो होतो. मी सगळं कबूल केलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जमिनीत गेले तर बरं असं झालं. मग ते बसले आणि सगळे काप वरपासून खालपर्यंत सावकाश वाचले. शेवटी खुर्ची फिरवून म्हणाले, "बाई, गाठ साधी आहे. लहान, सगळीकडून सारखी, दहाच्या आत. चरबी मुरलेली गाठोडी आहे, ती तिथं कधीची बसली असेल. रक्ताच्या दोन-तीन तपासण्या एकदा करून घेऊ, ती हार्मोनचा काही उद्योग करत नाही ना ते बघायला. बाकी तिला हात लावायचं कारण नाही. आणि दुखण्याचा खरा चोर हा." त्यांनी विंडो बदलून डाव्या मूत्रवाहिनीत पांढरा चमकणारा एक ठिपका दाखवला. "तीन मिलिमीटरचा खडा. पाणी प्या, आपोआप निघेल. एकतीस वर्षं दुसऱ्यांना पाणी प्या म्हणून सांगताय, स्वतः दिवसभर चहावर."

बाई म्हणाल्या, "बरं." अगदी तोच मघाचा "बरं". पण या वेळी त्यांना उठता येईना. त्यांनी चष्मा काढला आणि झग्याच्या बाहीनं डोळे पुसले, पुसतच राहिल्या. डॉक्टर शहाणे, ते उगाच पलीकडच्या फाइली चाळायला गेले. मी मात्र शहाणी नाही. मी बाईंच्या गळ्यात पडले आणि मोठ्यानं रडले.

"पुरे," त्या थोड्या वेळानं म्हणाल्या. "पंचवीस मिनिटं तू मला मारून ठेवलं होतंस. पुन्हा आकडा तोंडातून काढशील तेव्हा आधी मालिकेचं नाव वाचायचं. आधी नाव, मग आकडा. म्हण."

"आधी नाव, मग आकडा."

"आणि मी पण गाढव. चष्मा नाही, मालिका वाचली नाही, तुझ्या 'हो'वर विसंबले. भीतीनं माणूस आंधळा होतो गं." मग त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज एकदम पडला. "त्यांना तू जाऊन सांग. मघाशी मी त्यांना काही सांगितलं नाही, पण ते समजलेत. मला नाही जमायचं. माझा चेहरा नीट राहणार नाही."

डॉक्टरांनी फायलीतूनच मान डोलावली. मी बाहेर गेले. बाईंचे यजमान, म्हणजे आमचे काका, उठून उभे राहिले. रुमालाची त्यांनी एवढी घडी घातली होती, पुन्हा पुन्हा घातली होती, की तो सुपारीच्या पिशवीएवढा झाला होता.

"काका," मी म्हणाले, "प्लेनच्या मालिकेत. चार."

"चार?" ते म्हणाले. त्यांचा आवाज खोल कुठून तरी आला. "कितीपैकी?"

"पैकी नाही हो, काका. आकडा दहाच्या आत पाहिजे असतो."

त्यांनी जरा विचार केला. चाळीस वर्षं मुलांचे पेपर तपासलेल्या माणसानं केलेला तो विचार होता. "म्हणजे दहाच्या आत तो पास?"

"पास, काका. सगळ्यांनी तपासलंय. डॉक्टरांनी, मी, आणि बाईंनी स्वतः."

"तिनं तपासलंय?"

"पुन्हा पुन्हा."

"मग बरोबर असणार," ते म्हणाले आणि बाकावर बसले. दोन्ही हातांनी त्यांनी गुडघे धरले होते. मला वाटलं ते काही शोधताहेत, म्हणून मी वाकले, तर त्यांच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचतही नव्हतं. बाकावरच्या दुसऱ्या टोकाला आमची पुढची रुग्ण, एक म्हातारी, आपली चिठ्ठी धरून बसली होती; तिनं सरकून त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

दार उघडून बाई बाहेर आल्या, झगा तसाच, सुई तशीच. त्या यजमानांकडे आल्या नाहीत. आधी त्या म्हातारीसमोर उभ्या राहिल्या, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "आजी, दहा मिनिटं थांबा हं. एवढं एक आटपते. मग तुमचं मी स्वतः करते, आणि झाल्यावर डॉक्टर येईपर्यंत तुमच्यापाशी बसते."

मग त्या बाकावर यजमानांच्या शेजारी बसल्या आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा, सगळ्यांच्या देखत, त्यांच्या दंडावर डोकं टेकलं.